अक्षरी रकाना

शाळेच्या कार्यालयात मी बत्तीस वर्षं काम केलं. निवृत्त झालो तरी जुने विद्यार्थी कागदपत्रं घेऊन घरी येतात. गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थिनी आली. दहावी होऊन तिला तीस वर्षं होत आली असतील. मुलगी शिकायला जर्मनीत असते, तिच्याकडे जायचं म्हणून व्हिसाची तयारी चालली होती. तिने पासपोर्ट आणि पॅन कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "सर, दोन्हीकडे मीच आहे, पण तारखा दोन आहेत. एजंट म्हणतो, शंभर-पाचशेच्या स्टँपवर अॅफिडेव्हिट करा, काम होईल."

पासपोर्टवर 06/01/1979 छापलं होतं आणि पॅन कार्डावर 01/06/1979. मी तिला शाळा सोडल्याचा दाखला मागितला. त्यात जन्मतारखेला दोन रकाने असतात, एक अंकी आणि एक अक्षरी. अंकी रकान्यात 01/06/1979 होतं. त्याच्या शेजारी, माझ्या आधीच्या कारकुनाच्या गोल अक्षरात, "एक जून एकोणीसशे एकोणऐंशी". चूक कुठे झाली ते तिथेच कळलं. 2016 साली सायबर कॅफेवाल्याने अर्ज भरताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली होती. एक जूनचा झाला सहा जानेवारी. आकडे तेच राहिल्यामुळे ते कुणाच्याच डोळ्यांना खुपलं नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात पहिल्या खिडकीवर फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, तेव्हा आपली माहिती आपल्यासमोरच्या पडद्यावर दाखवतात आणि वाचून घ्या म्हणून सांगतात. तिने नाव वाचलं, पत्ता वाचला, तारखेवरून नजर पुढे गेली.

या एका चुकीसाठी पासपोर्ट कार्यालयाला जे पत्र लिहावं लागतं त्याबद्दल मी सविस्तर लिहितो आहे, कारण ते पत्र लोक फार हलक्यात घेतात. सगळी भिस्त प्रतिज्ञापत्रावर असते, आणि प्रतिज्ञापत्राने तारीख सिद्ध होत नाही. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर, ओळख पटवून, शपथेवर हे लिहून दिलं. लिहिलेलं खरं की खोटं हे नोटरी तपासत नाही, तपासू शकतही नाही. तारखेला आधार लागतो तो चूक होण्याच्या फार आधी, या कामाशी काही संबंध नसलेल्या माणसाने केलेल्या नोंदीचा. आपल्याकडे 1979 सालच्या मुलीसाठी अशी नोंद बहुधा शाळेच्या रजिस्टरातच सापडते. चूक कशी झाली ते पत्र सांगतं, तारीख रजिस्टर सांगतं, आणि हे सगळं मी जबाबदारीने सांगतो आहे एवढं प्रतिज्ञापत्र सांगतं. तिन्ही कामं वेगळी आहेत, आणि एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की प्रकरण अडकतं.

आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवायला हवं. अर्ज बरोबर भरला होता आणि छापताना चुकलं, तर ती कार्यालयाची चूक, अर्जाची प्रत दाखवली की निस्तरते. अर्जच चुकीचा भरला गेला पण त्या वेळी जोडलेल्या दाखल्यात तारीख बरोबर होती, ती दुसरी जात. आमच्या विद्यार्थिनीचं प्रकरण हेच. 2016 मध्ये तिने हाच शाळेचा दाखला जोडला होता आणि ती मूळ कागदाशीच परत यायला सांगत होती. तिसरी जात अवघड: पहिल्यांदा एक तारीख दाखवणारा कागद दिला आणि आता दुसरी तारीख दाखवणारा कागद पुढे केला. तिथे अधिकारी साहजिकच विचारतो, की मग पहिला कागद कसला होता? पूर्वी पासपोर्ट मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत आलेल्या अर्जांचाच सहसा विचार व्हायचा. पुढे परराष्ट्र मंत्रालयाने ही कालमर्यादा सैल केली. उशीर का झाला ते मात्र पत्रात लिहावंच लागतं.

आता आमच्या रजिस्टराकडे येतो. शाळेत नाव घालताना मूल ज्या मोठ्या वहीत चढतं तिला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे त्यातल्या एका ओळीची नक्कल. म्हणून दाखल्याच्या तळाशी "जनरल रजिस्टरप्रमाणे बरोबर" असं छापलेलं असतं. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे या रजिस्टरातली जन्मतारीख मुख्याध्यापकालाही आपल्या मनाने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. या नोंदीला जे वजन आहे ते याच अटीमुळे. त्या वजनालाही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली बिराद मल सिंघवी यांच्या खटल्यात म्हटलं होतं की शाळेच्या रजिस्टरात तारीख आहे एवढ्याने ती सिद्ध होत नाही, ती कुणी सांगितली आणि कशाच्या आधारावर, हेही महत्त्वाचं आहे. म्हणून मी तिला सांगितलं, आमच्या हायस्कूलच्या दाखल्यावर थांबू नकोस. आम्ही तुझी तारीख गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून उतरवून घेतली होती. मूळ नोंद तिथे आहे, 1985 च्या जूनमधली, तुझ्या वडिलांनी सांगून लिहिलेली. त्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आण, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह, रजिस्टर क्रमांक घालून.

आणि इथेच 1 जूनचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात माझ्या पिढीची आणि तिच्या पिढीची हजारो माणसं 1 जूनची आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, तारीख विचारली की म्हणायचा, "पेरणीच्या आधीचा हाय." गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, आणि तारीख 1 जून. तिची तारीखही अशीच पडलेली असण्याचा संभव आहे. तिची आई अजून आहे. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "वळवाचा पाऊस झाला होता, पेरणी व्हायची होती." म्हणजे मे अखेर किंवा जूनचा आरंभ. सहा जानेवारीशी त्याचा दुरूनही संबंध नाही.

मग शपथेवर काय लिहायचं? बहुतेक प्रतिज्ञापत्रांत छापील वाक्य असतं: "माझी खरी जन्मतारीख अमुक आहे हे मी स्वतःच्या माहितीप्रमाणे सांगतो." स्वतःचा जन्म कुणाला स्वतःच्या माहितीतून ठाऊक असतो? शपथ घ्यायची तर जे खरोखर ठाऊक आहे त्याचीच घ्यावी. ती आईच्या तोंडून आणि शाळेच्या नोंदीतून आपली तारीख जाणते. म्हणून तिच्या प्रतिज्ञापत्रात आम्ही लिहिलं की माझी जन्मतारीख प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदीनुसार 1 जून 1979 आहे, शिक्षण, पॅन व बँक या सर्व ठिकाणी मी हीच तारीख वापरली आहे, आणि पासपोर्टच्या अर्जात दिवस व महिना यांची अदलाबदल झाली. शेवटच्या सत्यापनात परिच्छेद वेगळे केले. अर्ज कसा भरला गेला, तो मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा. तारखेचा मजकूर शाळेच्या नोंदीवरून, मी खरा मानते तो. या एका फरकाने प्रतिज्ञापत्र पोकळ राहत नाही.

नोटरीकडे जाताना सही आधी करून जाऊ नये. सही त्याच्यासमोर करायची, त्याच्या रजिस्टरातही करायची, आणि तिथला नोंद क्रमांक व तारीख कागदावर आली आहे ना ते पाहायचं. पाठवून दिलेल्या कागदावर नुसता शिक्का मारून आणलेली प्रतिज्ञापत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. चौकशी झाली की तीच आधी कोसळतात.

तिच्या बाबतीत आणखी एक गाठ होती, आणि ही गाठ आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक विवाहित बाईच्या कागदांत असते. शाळेत तिच्या नावामागे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दाखला पुढे केला तर अधिकारी विचारणारच, की ही मुलगी आणि या बाई एकच कशावरून? तारखेच्या गडबडीत लोक हा दुवा विसरतात. विवाह नोंदणीचा दाखला जोडला, त्यात दोन्ही नावं आहेत. शिवाय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं आणि आईचं नाव असतं. ते दाखल्यातल्या नावाशी जुळतं, हे पत्रात दाखवून दिलं. अधिकाऱ्याला जे शोधावं लागेल ते आपणच बोट ठेवून दाखवायचं.

ग्रामपंचायतीतही तिला पाठवलं. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद व्हायला हवी होती, पण बाळंतपण घरी झालेलं, नोंद कुणी केली नाही. ग्रामसेवकांनी वह्या पाहून जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला दिला. हा कागद महत्त्वाचा आहे. तो नसेल तर अधिकाऱ्याच्या मनात शंका राहते, की जन्मदाखला असूनही हिने मुद्दाम दाखवला नाही की काय.

पासपोर्ट केंद्राचं खातं, म्हणून पत्र इंग्रजीत द्यायचं ठरलं. पण आधी आम्ही ते मराठीत बसवलं, कारण काय सांगायचं ते तिला स्वतःला कळायला हवं होतं. खिडकीवर तीच बोलणार होती. मराठीतलं पत्र असं होतं:

प्रति,
प्रादेशिक पासपोर्ट अधिकारी,

विषय: पासपोर्टमधील जन्मतारीख 06/01/1979 ऐवजी 01/06/1979 करण्याबाबत.

महोदय,

सोबतच्या पासपोर्टमध्ये माझी जन्मतारीख 6 जानेवारी 1979 अशी छापली आहे. ती 1 जून 1979 अशी हवी. 2016 साली अर्ज भरताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. अर्ज दुसऱ्या व्यक्तीने माझ्या वतीने भरला होता. त्यावर सही करताना आणि केंद्रात पडद्यावरील माहिती पाहताना ही चूक माझ्या लक्षात आली नाही. ती माझीच चूक आहे.

त्या वेळी अर्जासोबत मी शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. त्यात जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत 1 जून 1979 अशीच आहे. आता मी कोणताही नवा किंवा वेगळा पुरावा देत नसून त्याच दाखल्याप्रमाणे दुरुस्ती मागत आहे. त्या दाखल्यामागील मूळ नोंद प्राथमिक शाळेत 1985 साली झाली, तिचा उतारा सोबत आहे. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत आढळत नाही, तसा दाखलाही सोबत आहे.

शाळेतील नोंद माझ्या माहेरच्या नावाने आहे. विवाह नोंदणी दाखल्यात माझी दोन्ही नावे आहेत. पासपोर्टच्या शेवटच्या पानावरील माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या नोंदीशी जुळते.

हा पासपोर्ट मी एकदाच परदेश प्रवासासाठी वापरला आहे. व्हिसाच्या तयारीत कागदपत्रे एकत्र केली तेव्हा ही तफावत प्रथम लक्षात आली, म्हणून अर्ज आता करत आहे. या तफावतीचा मी कोणताही लाभ घेतलेला नाही. वरील मजकुराचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. दुरुस्ती करून नवीन पासपोर्ट द्यावा, ही विनंती.

यातलं "ती माझीच चूक आहे" हे वाक्य तिच्या घरच्यांना आवडलं नाही. एजंटने चूक केली असं स्पष्ट लिहा, असा त्यांचा आग्रह होता. पण अर्जावर सही तिची होती. पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. मुद्दा "जाणूनबुजून" या शब्दाचा आहे. चूक सरळ कबूल करणारा आणि ती कशी झाली ते दाखवणारा माणूस त्या शब्दापासून दूर उभा राहतो. जबाबदारी झटकणारं पत्र वाचलं की अधिकाऱ्याला आणखी काय झटकलं आहे ते शोधावंसं वाटतं.

लाभ घेतला नाही, हे वाक्यही शोभेचं नाही. जन्मतारीख बदलायला येणाऱ्यांत नोकरीची वयोमर्यादा, निवृत्ती, खेळातले वयोगट अशी कारणं असलेलेही असतात, आणि अधिकारी तेच हुंगत असतो. इथे तारखेत पाच महिन्यांचाही फरक नाही, सालही तेच. ज्यांच्या तारखेत दोन-तीन वर्षांचा फरक आहे त्यांनी त्या फरकाने कुठे काय बदललं असतं, ते पत्रातच स्वतःहून सांगावं.

अर्जासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर Re-issue of Passport निवडायचं आणि कारण म्हणून Change in Existing Personal Particulars, त्यात जन्मतारीख. नुसतं मुदत संपली म्हणून नूतनीकरण मागितलं तर जुनी चुकीची तारीखच नव्या पुस्तिकेत येते. तिच्या पासपोर्टची मुदत संपतच आली होती, म्हणून एजंटने तिला तोच सल्ला दिला होता. 36 पानी पुस्तिकेला 1500 रुपये शुल्क आहे. जुन्या पुस्तिकेवर खाडाखोड करून तारीख बदलता येत नाही. फोटोच्या पानाखाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांतल्या दुसऱ्या ओळीत जन्मतारीख साल, महिना, दिवस या क्रमाने येते. तिच्या पुस्तिकेत तिथे 790106 होतं. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. म्हणून दुरुस्ती म्हणजे नवी पुस्तिका, आणि जुनी रद्द.

केंद्रात तीन खिडक्या. पहिल्या खिडकीवर कागद स्कॅन झाले. दुसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी दाखला उजेडाकडे धरून पाहिला, कारण जन्मतारखेच्या रकान्यात शाई वेगळी किंवा खाडाखोड असेल तर तो दाखला पडताळणीसाठी शाळेकडे जातो. दाखला स्वच्छ होता. तिसऱ्या खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचून एकच प्रश्न केला, "तेव्हा वाचलं नाहीत?" ती म्हणाली, "नाव वाचलं, तारीख वाचली नाही." पत्रात जे लिहिलं होतं तेच ती बोलली. तरीही प्रकरण लगेच मंजूर झालं नाही, प्रादेशिक कार्यालयाकडे गेलं, तिथे जुनी फाईल काढून 2016 चा दाखला ताडून पाहिला. पोलिसांची तपासणीही झाली. इतका वेळ गृहीत धरूनच निघावं. प्रवासाची तिकिटं काढून मग दुरुस्तीला जाणाऱ्यांची फार ओढाताण होते.

नकार आला तरी तो तोंडी घेऊन घरी येऊ नये. नाकारण्याची कारणं लेखी नोंदवणं कायद्याने पासपोर्ट अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि मागितली तर त्याची प्रत मिळते. त्या कागदावरून पुढे काय कमी पडलं ते कळतं. जुन्या अर्जासोबत नेमकं काय जोडलं होतं हे आठवत नसेल तर माहितीच्या अधिकारात प्रत मागावी, आणि शक्य तर ही प्रत पत्र लिहिण्याच्या आधीच हातात असावी.

या मार्गाने सुटत नाही असं प्रकरणही सांगतो. ज्यांचा जन्मदाखला आहे आणि त्यावरची तारीख शाळेच्या तारखेपेक्षा वेगळी आहे, त्यांचं पत्र शाळेच्या नोंदीवर उभं राहत नाही. जन्म झाला तेव्हाची निबंधकाची नोंद सहा वर्षांनंतरच्या शाळेच्या नोंदीहून जवळची. अशांनी आधी ठरवावं की पुढे कोणती तारीख चालवायची. मग उरलेले कागद एकेक करून त्या तारखेवर आणावेत आणि सगळ्यात शेवटी पासपोर्टला हात घालावा. आधार कार्डावरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा तिथे घाई करू नये. आणि आधारवरची तारीख म्हणजे पुरावा, असंही धरून चालू नये. ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना हा घोळ असणार नाही, त्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच चालतो.

दिवाळीच्या आधी ती पुन्हा आली. जुनी पुस्तिका कोपरे कापून परत मिळाली होती. ती टाकू नको म्हणून मी सांगितलं, कारण त्यात जुन्या प्रवासाचा व्हिसा आहे आणि त्यावर सहा जानेवारी छापलं आहे. आता व्हिसाच्या अर्जात जुन्या पासपोर्टचा क्रमांक भरताना दोन तारखा का, हे विचारलं जाईल, तेव्हा दुरुस्तीच्या पत्राची प्रत सोबत द्यायची. तिने नवी पुस्तिका उघडून माझ्यापुढे धरली. वरची तारीख वाचली नाही, बोट थेट खालच्या ओळीवर नेलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला: सात, नऊ, शून्य, सहा, शून्य, एक.